वादळाआधीची सुपारी

श्रीवर्धनला वकिलांच्या टेबलावर ताईंनी पिशवीतले कागद मांडले: सातबारा, आठ-अ, फेरफार, सुपारी विक्रीच्या काही पावत्या. वडील 2011 साली गेले, आई त्याआधीच. वाडी वडिलांच्या स्वतःच्या कमाईची. वारस तिघे भावंडं. थोरला गावात राहिला, त्याने वाडी राखली आणि दरवर्षीचे पैसेही एकट्यानेच घेतले.

"दादाने 14 वर्षांचा हिशेब द्यावा," ताई म्हणाल्या.

वकिलांनी तिथेच थांबवलं. वाडीतला तिसरा हिस्सा केवळ गप्प राहिल्याने जात नाही, कारण एका सहहिस्सेदाराची वहिवाट सर्वांच्या वतीने धरली जाते. भावाने हक्क उघडपणे नाकारला आणि पुढे 12 वर्षं गेली, तरच धोका. उत्पन्नाचं तसं नाही. भावाने ज्या दिवशी पैसे घेतले, त्या दिवसापासून त्या रकमेची तीन वर्षांची मुदत सुरू होते. नोटिशीने ती थांबत नाही. थांबते दाव्याने, किंवा मुदतीतच भावाने देणं लेखी कबूल करून सही केली, तर नव्याने मोजली जाते.

ताईंचा दावा जून 2025 मध्ये दाखल झाला, म्हणजे हिशेब जून 2022 पासूनचा. आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. भरघोस सुपारीची सगळी वर्षं मुदतीबाहेर राहिली, हातात आली ती मोडलेल्या वाडीची वर्षं. हे ऐकताना ताईंचा चेहरा पाहवत नव्हता, आणि मलाही ते अन्यायाचंच वाटतं.

उरलेला हिशेब असा मांडला. तीन हंगामांची विक्री 2,25,000 रुपये. मजुरी, खत, फवारणी, शेतसारा मिळून 75,000 वजा. राहिले दीड लाख, ताईंचा तिसरा हिस्सा 50,000, त्यावर व्याज वेगळं. भावाने स्वखर्चाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या असत्या, तर त्या सुधारणेमुळे वाढलेलं उत्पन्न यात धरलं नसतं.

भावाच्या वकिलांचा बचाव ठरलेला: तो कुटुंबाचा कर्ता, त्याला मागचा हिशेब मागता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत, अफरातफर दाखवता आली नाही तर, हा मुद्दा चालतो. इथे वडिलांच्या स्वकष्टाच्या वाडीत तिघांना वारसाने आपापला स्वतंत्र हिस्सा आला आहे, म्हणून तो लंगडा पडतो.

पुरावा मात्र कष्टाने जमवावा लागतो. सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत सुपारीचं क्षेत्र दिसतं, पैसे दिसत नाहीत. म्हणून खरेदीदाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे मागवायचे. हिशेबाची वही भावाकडे असून त्याने ती दाखवली नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

प्राथमिक हुकूमनाम्यात आधी हिस्से ठरतात. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, उत्पन्नाची चौकशी न्यायालयातच होते. तोवर वाडी भावाच्याच ताब्यात, म्हणून दाव्यानंतरच्या उत्पन्नाची मागणीही ताईंच्या वकिलांनी दाव्यात आवर्जून लिहिली.