बाथरूमची टाइल घेताना खोक्यावरचं वाचा

टाइल्सच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या ब्रँडमध्ये दाखवू?" पण कजारिया, सोमाणी, जॉन्सन यांपैकी कुणाचंही दालन पाहा, भरपूर पाणी पिणारी टाइल तिथे मिळते आणि जवळजवळ न पिणारीही. त्यामुळे तुलना करायची ती नावांची नव्हे, समोरच्या त्या एका मॉडेलची.

टाइल पाणी किती शोषते यावरून तिचे गट ठरलेले आहेत, आणि गट बहुतेक खोक्यांवर छापलेला असतो. वजनाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत पाणी शोषणारी ती 'बी-वन-ए', म्हणजे व्हिट्रिफाइड. दहा टक्क्यांहून जास्त शोषणारी 'बी-थ्री', म्हणजे नेहमीची भिंतीची सिरॅमिक टाइल. जमिनीला पहिली घ्यावी. भिंतीला मात्र दुसरी चालते, उलट तिची सच्छिद्र पाठ सिमेंट चांगलं धरते. महागडी व्हिट्रिफाइड टाइल हौसेने भिंतीला लावायची आणि गवंड्याने ती नुसत्या सिमेंटवर बसवायची, हा पुढे टाइल सुटून पडण्याचा हमखास मार्ग. तिथे टाइल अॅढेसिव्हच हवं.

खोक्यावर विश्वास नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. नमुन्याची एक टाइल दिवसभर कडक उन्हात वाळवून तोला. समजा, एक फूट बाय एक फुटाची टाइल १६०० ग्रॅम भरली. रात्रभर ती पाण्यात बुडवून ठेवा, पुसा, पुन्हा तोला. व्हिट्रिफाइड असेल तर वजन आठ ग्रॅमपेक्षा जास्त वाढता कामा नये. पन्नास ग्रॅम वाढलं, तर दुकानदार काहीही म्हणो, ती व्हिट्रिफाइड नाही. प्रयोगशाळेत याहून कडक चाचणी होते आणि आकडा थोडा जास्त येतो. म्हणून घरची चाचणी नापास करायला भरवशाची, पास करायला तितकी नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. टाइल पाणी शोषत नाही, म्हणून खालच्या मजल्यावर गळती होणार नाही, असं लोक धरून चालतात. पाणी झिरपतं ते सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या कडेने. त्याचा बंदोबस्त टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगने होतो, टाइलने नाही.

पकडीचा तर शोषणाशी संबंधच नाही. गुळगुळीत चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल थेंबभर पाणी पीत नाही आणि साबणाचा फेस पडला की पाय घसरवतेच. विक्रेते 'आर-१०', 'आर-११' असे आकडे सांगतात. ते खोटे नसतात, पण ती चाचणी कशी होते हे ठाऊक असावं. तेल ओतलेल्या उतारावरून बूट घातलेला माणूस चालतो आणि उतार वाढवत नेतात. आपण तर अनवाणी आंघोळ करतो. अनवाणी पाय आणि साबणाचं पाणी यांची चाचणी वेगळी आहे, तिचे वर्ग ए, बी, सी. आंघोळीच्या जागेला 'बी' मागा. माहितीपत्रकात हा वर्ग नसेल तर आर-१० किंवा आर-११ची मॅट टाइल घ्या. त्याहून खरखरीत नको, खाचांत साबण आणि क्षार बसतात आणि घासून हात दुखतात. पाच बाय आठच्या बाथरूममध्ये चार फुटी टाइल शोभते, पण ट्रॅपकडे नीट उतार देता येत नाही. एक फुटी टाइलने उतार सहज मिळतो आणि सांधे वाढल्याने पायाला पकडही मिळते. चाळीस चौरस फुटांना चव्वेचाळीस टाइल्स घ्या, सगळ्या एकाच बॅचच्या. खोक्यांवर बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं, बसवल्यानंतर रंगछटेची तक्रार चालणार नाही. म्हणजे वॉरंटी बहुतांशी बसवण्याआधीच संपते.

नळांची वॉरंटी याउलट लांबलचक असते, आणि तिथेच फसगत होते. दहा वर्षं लिहिलेली असली तरी मुलामा, आतलं कार्ट्रिज आणि रबरी भाग यांची मुदत वेगळी असू शकते. क्षारांचे थर आणि अॅसिडने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वगळतात. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत नेमकं हेच होतं. शिवाय काम संपल्यावर गवंडी टाइल्सवरचं सिमेंट अॅसिडने धुतो. त्याच्या नुसत्या वाफेनेही क्रोमचा मुलामा डागाळतो. म्हणून आधी धुणं उरका, मगच नळ बसवा.

भिंतीत गाडला जाणारा डायव्हर्टर मात्र ब्रँड पाहूनच घ्या. तो बिघडला तर वॉरंटीत नवा भाग फुकट मिळेल, पण फोडलेल्या टाइलचे आणि गवंड्याच्या मजुरीचे पैसे बहुधा तुमच्याच खिशातून जातील. आपल्या गावात त्या कंपनीचा मिस्त्री येतो का, कार्ट्रिज सुटं मिळतं का आणि भिंत न फोडता बदलता येतं का, हे आधी विचारा. मॉडेल क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल घ्या, ते नसेल तर दहा वर्षांच्या वॉरंटीचा दावा लावणं कठीण.