सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली गाडी

मर्सिडीजची १९९८ साली आलेली एस-क्लास पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर उभी राहते. चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात आणि कॉम्प्रेसर हवी तेवढी हवा भरतो. फुग्याचं रबर जुनं झालं, की घडीपाशी बारीक चिरा पडतात.

मग गाडी रात्रभरात पुढच्या एका कोपऱ्यावर बसते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर कॉम्प्रेसर घरघरतो, थोड्या वेळात गाडी वर येते आणि पडद्यावरची सूचना निघून जाते. मालकाला वाटतं, दोष मिटला. प्रत्यक्षात चीर वाढत असते आणि कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ धावत असतो. अतिगरम झाला की तो थांबतो. असंच चालू राहिलं तर एक दिवस जळतो.

त्यानंतर येतो तो लाल इशारा: गाडी फार खाली आहे, थांबा. तो आला की वेग हळूहळू कमी करून गाडी बाजूला घ्यावी. खाली बसलेल्या गाडीत प्रत्येक खड्डा थेट अंगावर येतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर टायर मडगार्डला घासू शकतो. अशा गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये.

गळती ओळखणं सोपं आहे. संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजावं, सकाळी पुन्हा मोजावं. जो कोपरा उतरला, तिथल्या फुग्यावर आणि नळीच्या जोडांवर मेकॅनिकने साबणाचं पाणी फवारलं, की बुडबुडे जागा दाखवतात. गळती तशीच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला, तर नवाही तसाच जळतो.