मांजराच्या कानातला काळा भुगा

पार्किंगमधून उचलून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू. खातंय, खेळतंय, पण मध्येच थांबून मागच्या पायानं कान खाजवतंय, डोकं झटकतंय. कान उलटून पाहिला तर आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट भुगा. रस्त्यावरचं पिल्लू म्हटल्यावर मळ असणारच, असं म्हणून कुणीतरी तेल आणि इअरबड घेऊन बसतं.

हा बहुतेक वेळा साधा मळ नसतो. ओटोडेक्टिस नावाचे माइट कानात राहतात. त्यांची विष्ठा, कानातला मेण आणि वाळलेलं रक्त मिळून हा भुगा तयार होतो. खाज किती असते? रॉबर्ट लोपेझ या अमेरिकन पशुवैद्यानं मांजराच्या कानातले माइट चक्क स्वतःच्या कानात घालून पाहिले. खाजेबरोबर त्यांच्या हालचालींचा आवाजही त्याला ऐकू आला. १९९४मध्ये या उद्योगाला इग नोबेल मिळालं!

डॉक्टर भुग्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि दुर्बिणीनं कानाचा पडदा तपासतात. उपचार म्हणून आता बहुधा सेलामेक्टिनसारखं औषध मानेमागच्या त्वचेवर सोडतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत खाज थांबली म्हणून उपचार अर्धवट सोडला की तेच पुन्हा सुरू होतं. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यालाही औषध हवं, नाहीतर माइट एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात.

कान साफ करणं हे औषधाच्या जोडीचं काम आहे, आणि तेही पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मांजरांसाठीचं क्लीनर कोमट करून कानात सोडायचं, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हलकं चोळायचं आणि मग त्याला डोकं झटकू द्यायचं. वर आलेलं तेवढंच कापसानं टिपायचं. कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते, त्यामुळे इअरबडनं घाण बाहेर येण्याऐवजी त्या वळणात जाऊन बसते. निरोगी मांजराचा कान तर साफ करायची गरजच सहसा पडत नाही.

भुगा कोरडा न राहता ओला, पिवळसर झाला, वास मारू लागला, कान लाल आणि दुखरा झाला, तर माइटवर जंतू किंवा यीस्टचा संसर्गही झालेला असू शकतो. खाजवून खाजवून कानाची पाळी फुग्यासारखी फुगली, तर आत रक्त साठलेलं असतं. डोकं एका बाजूला कललं, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्रास पडद्याच्या आत पोचल्याची ती खूण असते.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, कडुनिंबाचं किंवा टी ट्री तेल, माणसांचे कानाचे ड्रॉप्स, यांतलं काहीही कानात घालू नये. सोललेल्या त्वचेवर त्यांची आग होते, आणि पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी बहिरेपणही येतं. सगळ्यांत घातक म्हणजे कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिन. ते मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. अंगावर नुसतं लावलं तरी झटके येऊ शकतात, आणि मांजर दगावूही शकतं. कुत्र्याची बाटली हाताशी आहे म्हणून उचलण्याआधी तिच्यावरचं नाव वाचाच.