टी-शर्टवरची अक्षरं बदलताना

पांढऱ्या टी-शर्टवर निळ्या अक्षरांत 2019 छापलंय आणि फोटोत तिथे 2024 हवंय. जुने आकडे पुसण्याआधी त्यांच्यातल्या भेगांची एक प्रत काढून ठेवा. धुऊन धुऊन तडकलेल्या छपाईतून डोकावणारं पांढरं कापड पुन्हा हुबेहूब काढणं फार कठीण.

मग शेजारच्या कापडाचे तुकडे घेऊन आकडे झाका; सुरकुतीची रेघ मात्र तुटू देऊ नका. या साफ फोटोची कृष्णधवल प्रत थोडी धूसर करून PSD म्हणून ठेवा. फोटोशॉपमधलं Displace याच प्रतीवरून नवे आकडे वाकवतं: मध्यम करड्या ठिकाणी अक्षर जागेवर राहतं, उजळ आणि गडद भागांत विरुद्ध दिशांना सरकतं. म्हणून पांढऱ्या कापडाची प्रत आधी मध्यम करड्यावर आणावी, नाहीतर अख्खा आकडाच सरकतो. सुरुवात 5 पासून करावी. कडा करवतीसारख्या दिसल्या तर प्रत पुरेशी धूसर नाही; जुन्या आकड्यांच्या आकाराचे बाक दिसले तर पुसणं अर्धवट राहिलंय.

Multiply लावलं की घड्यांची सावली अक्षरांवर उतरते. शेवटी जपलेल्या भेगा मास्क म्हणून लावा. घडीवर त्या दाट, सपाट भागात विरळ हव्यात.