फेरफारामागची संचिका : माहिती अधिकारातला अर्ज आणि पहिले अपील

वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे लागतात आणि फेरफार नोंदीत एक वाक्य असते : ‘बहिणीने जबाब देऊन हक्क सोडला.’ बहिणीला ते बऱ्याच वर्षांनी कळते. आपण असा जबाब दिलाच नाही, अशी तिची भूमिका असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करते. त्याची मुदत साठ दिवसांची आहे. ती केव्हाच उलटलेली असल्याने विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि नोंदीची सूचना आपल्याला मिळालीच नव्हती, हे तिला पटवून द्यावे लागते. सरकारी काम नियमाप्रमाणे झाले असे गृहीत धरले जाते, म्हणून ‘मला कळले नाही’ एवढे नुसते सांगून भागत नाही.

फेरफाराचा उतारा मिळवणे सोपे आहे. त्यासाठी माहिती अधिकाराची गरज नाही. साधा नक्कल अर्ज पुरतो. खरी गरज असते ती उताऱ्यामागच्या कागदांची : वारस नोंदीचा मूळ अर्ज, तथाकथित जबाब, हितसंबंधितांना काढलेली नमुना ९ ची नोटीस, ती बजावल्याची पोच आणि नोंद प्रमाणित करताना मंडळ अधिकाऱ्याने दिलेला आदेश. संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोंद धरल्यावर तलाठ्याने संबंधितांना लेखी कळवायचे असते. तेव्हा बहिणीच्या नावाची सही केलेली पोच आहे की नाही, यावर प्रकरणाचा बराच भाग अवलंबून असतो. माहिती अधिकार अधिनियम २००५ इथे उपयोगी पडतो.

अर्ज तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असतील तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क दहा रुपये असून कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा. ही अट पुष्कळांना जाचक वाटते, पण कागद नेमके मागणाऱ्याला तिचा अडथळा होत नाही. बहिणीच्या अर्जाचा गाभा असा असू शकतो : ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक, फेरफार क्रमांक अमुक याच्या संचिकेतील वारस अर्ज, माझ्या नावचा जबाब, नमुना ९ च्या नोटिसा, त्यांच्या पोचा व प्रमाणीकरणाचा आदेश यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. मूळ संचिकेची पाहणी करू द्यावी. यांपैकी जो कागद अभिलेखात नाही, त्याबाबत तसे लेखी कळवावे.’

यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. पोच सापडली नाही आणि कार्यालयाने ‘अशी पोच संचिकेत आढळत नाही’ असे लिहून दिले, तर ते उत्तरच अपिलात दाखल करता येते. नोटीस बजावलीच नव्हती हे त्याने निर्विवाद सिद्ध होत नाही, कागद गहाळही झालेला असू शकतो. पण बजावणी झाली म्हणणाऱ्याला मग पुरावा शोधावा लागतो.

‘माझे नाव का वगळले?’ हा प्रश्न मनात सर्वांत आधी येतो, पण अर्जात लिहू नये. कायदा नोंदवलेली माहिती देतो. अधिकाऱ्याने नव्याने स्पष्टीकरण तयार करावे असे तो सांगत नाही. त्या एका ‘का’मुळे अख्खा अर्ज फेटाळल्याचीही उदाहरणे दिसतात. माहिती कशासाठी हवी, हे मात्र सांगण्याचे बंधन नाही. कलम ६(२) मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे वादाची हकिकत अर्जात मांडण्याचे कारण उरत नाही.

तरीही कार्यालयाला वाद माहीत असतोच आणि ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने माहिती देता येत नाही’ असे उत्तर येते. हे कारण कायद्यात नाही. कलम ८(१)(ब) मध्ये सूट आहे ती न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने जी माहिती उघड करण्यास स्पष्ट मनाई केली आहे, किंवा जी उघड केल्याने न्यायालयाचा अवमान होईल, तेवढ्यापुरती. केवळ खटला चालू असणे म्हणजे मनाई नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये महापालिकेच्या एका प्रकरणात सांगितले आहे. दुसरे नेहमीचे कारण ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ हे. भावांच्या काही कागदांबाबत त्यावर वाद होऊ शकतो, विशेषतः २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमातली सूट रुंदावली असल्याने. पण स्वतःच्या नावचा जबाब आणि स्वतःच्या नावची नोटीस ही बहिणीच्या दृष्टीने त्रयस्थाची माहिती नाही. बाकीचे देता येत नसेल, तरी कलम १० प्रमाणे तेवढा भाग वेगळा काढून द्यावा लागतो.

उत्तराची मुदत अर्ज पोहोचल्यापासून तीस दिवस. अर्ज ३ जूनला मिळाला तर ती ३ जुलैला संपते. मात्र शुल्क भरण्याचे कळवल्यापासून ते भरेपर्यंतचे दिवस यात धरत नाहीत. तोवर काहीच आले नाही तर माहिती नाकारली असे मानले जाते, आणि २ ऑगस्टपर्यंत पहिले अपील करता येते. नकाराचे पत्र आले तर ते मिळाल्यापासून तीस दिवस मोजायचे. मुदतीत माहिती दिली नाही तर पुढे ती विनाशुल्क द्यावी लागते. अर्जाची पोच किंवा रजिस्टर पोस्टाची पावती नसेल तर हे सगळे दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो.

पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदारांकडे जाते. महाराष्ट्रात त्याला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलात रागाने भरलेली पाने जोडण्यापेक्षा मागितलेला प्रत्येक कागद, त्यावर मिळालेले उत्तर आणि ते का चुकीचे आहे, एवढे ओळीने लिहावे. ‘संचिका सापडत नाही’ असे उत्तर असेल तर अभिलेख कक्षात कोणी, कधी शोध घेतला याचा लेखी अहवाल मागावा आणि नोंदी पुन्हा शोधण्याचा आदेश मागावा. न सापडणे ही कलम ८ मधली सूट नाही. अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. म्हणजे १० जुलैला दाखल केलेल्या अपिलाची कमाल मर्यादा २४ ऑगस्ट. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते, पण तिथे निकालाला खूप वेळ लागतो. चालू वादात उपयोगी पडायचे तर कागद पहिल्या अपिलातच हाती यावेत, अशा तयारीने ते लिहिलेले बरे.

दरम्यान उपविभागीय अधिकाऱ्यांपुढची सुनावणी थांबत नाही. अर्ज आणि अपिलाच्या पोचा जोडून कागद दाखल करायला मुदत मागता येते, शिवाय मूळ संचिका मागवून घेण्याची विनंतीही करता येते. ती विनंती दोन कारणांनी लागतेच. माहिती अधिकारात मिळते ती प्रत; जबाबावरची सही आपली नाही असे म्हणायचे असेल तर हस्ताक्षर तज्ज्ञाला मूळ कागद हवा असतो आणि तो माहिती अधिकारी हातात देत नाही. पाहणीच्या वेळी सही, तारीख, साक्षीदारांची नावे आणि पानांचे क्रमांक टिपून ठेवले, तर मूळ कागद मागवताना नेमका कोणता हवा ते सांगता येते. दुसरे असे की, वाद दिवाणी न्यायालयात गेला असेल आणि कागद त्या न्यायालयाच्याच अभिलेखात असेल, तर माहिती अधिकाराचा मार्ग चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या निकालात सांगितल्याप्रमाणे तिथे न्यायालयाच्या नियमांनुसार नक्कल अर्जच करावा लागतो.