बारवर दोन शून्यं : कॉम्प्रेसरचा गेज वाचताना

एका बारमध्ये बरोबर १०० किलोपास्कल असतात. म्हणजे काटा ६ बारवर असेल तर ६०० आणि साडेसातावर असेल तर ७५०. कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही. तरीही गॅरेजांत आकडे चुकतात आणि ते गुणाकारात चुकत नाहीत. ते चुकतात गेज वाचताना.

एक साधा प्रसंग घेऊ. नट खोलायच्या हवेच्या गनवर कमाल दाब ६२० किलोपास्कल असा छापलेला आहे. कॉम्प्रेसरचा गेज बारमध्ये आहे. शंभराने भागलं की ६.२ बार येतात. आता टाकीच्या गेजकडे पाहिलं तर काटा ८ वर, म्हणजे ८०० किलोपास्कल. घाबरण्याचं कारण नाही. तो टाकीतला दाब आहे. गनला जाणारी हवा रेग्युलेटरमधून जाते आणि तिचा दाब रेग्युलेटरवरचा दुसरा, छोटा गेज दाखवतो. ६.२ बघायचे ते तिथे.

त्या छोट्या डायलवर बहुधा दोन पट्ट्या असतात, एक बारची आणि दुसरी पीएसआयची. पीएसआयच्या पट्टीवर ९० दिसले तर ते साधारण ६.२ बारच आहेत. पण ९०लाच शंभराने गुणलं तर ९,००० किलोपास्कल येतील, आणि असा दाब गॅरेजच्या कॉम्प्रेसरमध्ये कधीच नसतो. उत्तर असं अवाढव्य आलं की पट्टी चुकली समजावं.

दुसरी गफलत बोलण्यातून होते. मेकॅनिक ‘सात किलो प्रेशर’ म्हणतो, तेव्हा त्याला दर चौरस सेंटिमीटरला सात किलोग्रॅम म्हणायचं असतं. ते ६८६ किलोपास्कल झाले. सात नव्हेत आणि नेमके सातशेही नव्हेत.

आता अचूकतेचं. समजा गेज ० ते १६ बारचा आहे आणि डायलच्या कोपऱ्यात २.५ असा बारीक आकडा आहे. याचा अर्थ पूर्ण पल्ल्याच्या अडीच टक्के इतकी चूक चालते, म्हणजे ०.४ बार किंवा ४० किलोपास्कल. काटा ६.२वर असताना खरा दाब ५८० ते ६६० यांत कुठेही असू शकतो. अशा गेजवरून ‘६२३ किलोपास्कल’ अशी नोंद करणं म्हणजे निव्वळ हौस!

गेज हवेत उघडा असताना काटा शून्यावर असतो, कारण तो वातावरणाच्या दाबावरचा जादा दाब तेवढा मोजतो. गनसाठी हाच आकडा हवा असतो. मात्र टाकीत एकूण हवा किती मावली याचं गणित करायचं असेल, तर समुद्रसपाटीला त्यात साधारण १०१ किलोपास्कल मिळवावे लागतात. १०० लिटरच्या टाकीत ७ बार दिसत असतील तर आत बाहेरच्या दाबाची जवळपास ८०० लिटर हवा असते.

रेग्युलेटर लावताना गनचा ट्रिगर दाबून धरावा. हवा वाहू लागली की दाब उतरतो. त्या वाहत्या अवस्थेत काटा ६.२च्या आसपास आणावा. मग ट्रिगर सोडल्यावर तो किती वर चढतो हेही पाहावं आणि तेव्हाही तो ६२०च्या मर्यादेपुढे जात असेल तर रेग्युलेटर थोडा उतरवावा.