स्टॉपलॉस होता, पण कुठे?

बाजार सुरू असताना संगणकावरची ट्रेडिंगची स्क्रिप्ट बंद पडली आणि स्टॉपलॉस लागलाच नाही, अशी तक्रार करणारे अनेक जण भेटतात. अशा घटनेनंतर लिहायचा अहवाल कसा असावा, ते एका उदाहरणावरून पाहू.

एका ट्रेडरने सकाळी निफ्टी फ्युचरचा 75 चा एक लॉट 24,800 ला घेतला. स्टॉपलॉस 24,740 चा, म्हणजे 60 पॉइंट, 4,500 रुपयांपर्यंतचा तोटा त्याने आधीच मान्य केलेला. दुपारी 1:40 ला त्याने स्क्रीन पाहिली तेव्हा भाव 24,590 होता आणि सौदा अजून उघडाच होता. हाताने विकून तो बाहेर पडला. तोटा 15,750 रुपये.

अहवालात हा आकडा फोडून लिहावा. 4,500 रुपये हा सौद्याचा तोटा, तो कुठल्याही दिवशी होऊ शकतो. उरलेले 11,250 रुपये बिघाडाचे. आणि भाव उलटा वर जाऊन त्याला फायदा झाला असता तरी अहवाल लिहायलाच हवा होता, कारण अडीच तास सौद्यावर कुणाचीच राखण नव्हती. फायद्यात सुटलेल्या अशा घटना लोक विसरून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कारण. लॉग उघडल्यावर ट्रेडर गोंधळला, कारण त्यात बाजार संपेपर्यंत दर मिनिटाला `alive` अशी ओळ होती. स्क्रिप्ट तर चालू दिसत होती! पण भावाची शेवटची नोंद 11:07 ची होती. स्क्रिप्टमध्ये दोन धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी चालत होते. एक मिनिटामिनिटाला हजेरी लावणारा, दुसरा भावावर नजर ठेवणारा. दुसऱ्यात मुख्य काम एवढंच:

```
if ltp <= stop:
    exit_position()
```

11:07 ला आलेल्या एका पाकिटात शेवटचा भाव रिकामा होता. रिकाम्या जागेची आकड्याशी तुलना होत नाही, म्हणून पायथॉनने चूक दाखवली:

```
TypeError: '<=' not supported between instances of 'NoneType' and 'float'
```

पायथॉनमध्ये अशी न हाताळलेली चूक आली की तेवढाच थ्रेड संपतो, बाकीचा प्रोग्रॅम चालत राहतो. संदेश पडद्यावर उमटला होता, पण ती खिडकी कुणी पाहत नव्हतं. हजेरी लावणारा जिवंत होता, राखण करणारा गेला होता.

बरेच जण इथेच थांबतात आणि रिकाम्या भावाची तपासणी घालून अहवाल बंद करतात. काही जण तर सगळ्या चुका `try` आणि `except` मध्ये गिळून टाकतात. हे आणखी धोक्याचं आहे, कारण मग थ्रेड जिवंत राहतो आणि काम मात्र करत नाही. खरा प्रश्न निराळा आहे: 24,740 हा आकडा कुठे होता? फक्त त्या संगणकाच्या मेमरीत. ब्रोकरला त्याची खबर नव्हती, एक्सचेंजलाही नव्हती. वीज गेली असती, इंटरनेट तुटलं असतं, तरी हेच घडलं असतं.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की खरेदी झाल्याबरोबर, जेवढी झाली तेवढ्याच संख्येची स्टॉपलॉस ऑर्डर एक्सचेंजकडे पाठवून ठेवायची. यालाही मर्यादा आहेत. ट्रिगर 24,740 आणि लिमिट 24,730 ठेवली आणि भाव एका उडीत 24,715 वर आला, तर ऑर्डर जागी होते पण विक्री होत नाही. लिमिट जरा सैल ठेवावी लागते. ऑप्शन्समध्ये तर एनएसईने 2021 पासून मार्केट प्रकारची स्टॉपलॉस ऑर्डर बंदच केली आहे. शिवाय 24 फेब्रुवारी 2021 सारखा दिवस उगवला, एनएसईचेच व्यवहार 11:40 ला थांबले, तर तिथे ठेवलेली ऑर्डरही थांबते.

दुसरी अडचण दुहेरी विक्रीची. एक्सचेंजची ऑर्डर लागली आणि स्क्रिप्टनेही विकलं, तर हातात उलटा सौदा उरतो. म्हणून स्क्रिप्टने स्वतः विकण्याआधी ती ऑर्डर रद्द झाल्याची खात्री करावी. आणि पुन्हा सुरू होताना आपल्या आठवणीवर न जाता ब्रोकरकडून उघडे सौदे आणि बाकी ऑर्डरी मागवून घ्याव्यात.

हजेरीही बदलायला हवी. ती भाव तपासणाऱ्या थ्रेडनेच द्यावी, प्रत्येक तपासणीनंतर. आणि ती काही सेकंद आली नाही तर फोन वाजवण्याचं काम दुसऱ्या यंत्राकडे असावं.

अहवाल बंद करण्याआधी एक चाचणी करावी. बाजार चालू असताना, कमीत कमी संख्येचा सौदा घेऊन, भाव तपासणारा थ्रेड मुद्दाम पाडायचा. मग ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये आपली ऑर्डर `TRIGGER PENDING` अशी दिसते का आणि फोन किती सेकंदांनी वाजतो, ते वेळेसह अहवालात लिहायचं.